एक्केचाळीस टेपा आणि एक यादी

सांगलीला नाट्यपंढरी म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथेच 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्या प्रयोगात पात्रे कशी उभी राहिली, कसा आवाज लावला, हे पाहण्याचा मार्ग आज आपल्याला नाही. त्याला इलाज नव्हता. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले हौशी प्रयोगही जर त्याच वाटेने गेले, तर त्याला मात्र आपणच जबाबदार ठरू. प्रस्तुत लेख अशाच एका छोट्या संग्रहाबद्दल आहे. तो माझ्या मामांचा असून तो दूरच्या साठवणीत, म्हणजे हल्लीच्या भाषेत 'क्लाउड'वर, नेऊन ठेवण्याचे काम मी माधवनगरच्या घरी बसून केले.

मामांनी २००३ ते २०१० या काळात हौशी मंडळींची नाटके कॅमेऱ्याने टिपली. मिनी-डीव्ही जातीच्या एक्केचाळीस टेपा, प्रत्येक तासाभराची. त्या संगणकावर उतरवल्या की एका टेपेला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते, म्हणजे सगळ्या मिळून ५३० गिगाबाइटच्या आसपास. ही सारी दौलत एकाच हार्ड डिस्कवर होती आणि ती डिस्क सांगलीत, नदीपासून फार दूर नसलेल्या घराच्या तळमजल्यावरील कपाटात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, हे येथे कोणाला सांगावयास नको. त्या वेळी डिस्क माळ्यावर गेली म्हणून वाचली. दर खेपेला माळा पुरेल असे नाही.

या कामाला मी 'rclone' नावाची आज्ञावली वापरली. निक क्रेग-वुड यांनी ती प्रथम लिहिली. ती फुकट मिळते. ती मुख्यतः खिडक्या-बटणांनी चालवायची नाही. आज्ञा टंकून द्यावी लागते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला हे प्रथम परके वाटते. पण एक वाक्य नीट लिहिले की ते आठवडाभर आपले काम करीत राहते, हा गुण मला बटणांपेक्षा मोठा वाटला. साठवण म्हणून गुगल ड्राइव्हची पैसे भरून मिळणारी जागा घेतली. फुकटच्या १५ गिगाबाइटमध्ये आमची जेमतेम एक टेप मावली असती.

आता पहिली अडचण. आमच्या घरच्या जोडणीचा वर चढवण्याचा वेग २० मेगाबिट आहे. तो सगळाच्या सगळा या कामाला दिला, तर घरातील इतरांचे इंटरनेट जवळजवळ बंद पडते. पुष्कळांना याचे नवल वाटते, कारण आपण तर वर पाठवीत आहोत आणि बहिणीचा वर्ग खाली येतो आहे! खुलासा असा की, खाली येणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्याची 'पोच' वरच्या रस्त्यानेच जाते. तो रस्ता व्हिडिओच्या मालगाड्यांनी तुंबला की पोचपावत्या रांगेत अडकतात, आणि पोच न मिळाल्यामुळे पलीकडचा पाठवणारा हात आखडता घेतो. म्हणून दिवसा वेगाला लगाम घालायचा आणि घर झोपले की सोडायचा. ती आज्ञा अशी:

```
rclone copy /media/natak gdrive:natak --transfers 1 \
  --bwlimit "06:00,512K 23:00,off" --log-file nond.txt -v
```

सकाळी सहापासून सेकंदाला ५१२ किलोबाइट, रात्री अकरापासून मर्यादा नाही. वेळ झाली की मर्यादा आपोआप बदलते, काम थांबवावे लागत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जोडणी विकणारे वेग 'बिट'मध्ये सांगतात आणि ही आज्ञावली 'बाइट'मध्ये मोजते; आठ बिटांचा एक बाइट. आमचे २० मेगाबिट म्हणजे अडीच मेगाबाइट. ज्याने घाईने '20M' असे लिहिले, त्याने मर्यादा घातलीच नाही असे समजावे, कारण तेवढा वेग त्या तारेत मुळातच नाही.

हिशेब केला. दिवसाच्या सतरा तासांत तीस-एक गिगाबाइट, रात्रीच्या सात तासांत पंचावन्नच्या थोडे वर. रोजचे नव्वद धरले तर सहा दिवस. गुगल ड्राइव्ह एका दिवसात ७५० गिगाबाइटपर्यंतच चढवू देते, परंतु आमच्या वेगाला त्या वेशीपर्यंत पोहोचण्याची भीती नव्हती.

हिशेब बरोबर होता, तरी काम नऊ दिवस चालले. कारण वीज. या आज्ञावलीने पूर्ण चढवलेली फाइल ती पुन्हा चढवीत नाही; आकार आणि तारीख जुळली की पुढे जाते. मात्र अर्धवट राहिलेली फाइल आज्ञा नव्याने दिल्यावर पहिल्यापासून सुरू होते. दिवसाच्या वेगाने एका टेपेला सुमारे सात तास लागतात. सहाव्या तासाला वीज गेली की सहाही तास पाण्यात. रात्री हीच टेप दीड तासात चढते, म्हणून तेव्हाचे नुकसान फार तर दीड तासाचे. 'transfers 1' लिहिण्याचे कारणही हेच. काही न सांगितल्यास चार फाइली एकदम सुरू होतात, वेगाचे चार वाटे होतात, आणि दिवसा प्रत्येक टेप अठ्ठावीस तास अर्धवट लोंबकळत राहते. आमच्याकडच्या विजेवर अठ्ठावीस तासांचा भरवसा मी तरी ठेवणार नाही. मोठ्या फाइली आणि कमी वेग अशी जोडी असेल तेव्हा एका वेळी एकच घ्यावी. लहान लहान छायाचित्रे असती तर गोष्ट वेगळी.

आज्ञेतील 'copy' या शब्दावरही थोडे थांबतो. याच घरातील दुसरा शब्द आहे 'sync'. तो दोन्ही ठिकाणे तंतोतंत सारखी करतो. ऐकायला गोड वाटते. पण मूळ ठिकाणी जे नाही ते तो पलीकडून पुसून टाकतो. उद्या डिस्कवरून चार नाटके चुकून पुसली गेली आणि मग 'sync' चालवले, तर क्लाउडवरचीही चार जातील. संग्रहासाठी 'copy' हाच शब्द बरा, तो पलीकडचे काही पुसत नाही.

दहाव्या दिवशी पडताळणीला बसलो. फाइलींची नावे दिसतात, आकार जुळतो, एवढ्यावर पुष्कळजण समाधान मानतात. पण आकार तोच राहून आतला मजकूर बिघडू शकतो. त्यासाठी 'हॅश' नावाची युक्ती आहे. मी तिला ठसा म्हणतो. फाइलीतील प्रत्येक बाइट वाचून त्यावरून बत्तीस अक्षर-अंकांची एक खूण काढतात. १३ गिगाबाइटमधला एक बिट जरी बदलला तरी सारी खूण बदलते. गुगल ड्राइव्ह प्रत्येक फाइलीचा असा ठसा आपल्याकडे नोंदवून ठेवते, म्हणून पडताळणीला काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. फक्त आपली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. आम्हाला दीड-पावणेदोन तास लागले.

```
rclone check /media/natak gdrive:natak --one-way --combined ahval.txt
```

'ahval.txt' मध्ये प्रत्येक नावापुढे एक चिन्ह येते. '=' म्हणजे जुळले, '+' म्हणजे पलीकडे पोहोचलेच नाही, '*' म्हणजे दोन्हीकडे आहे पण निराळे आहे. शेवटी काही ठसे तपासता आले नाहीत अशी सूचना आली, तर मात्र जपावे; तेव्हा केवळ आकार पाहिलेला असतो. साठवण कुलूपबंद करून, म्हणजे 'crypt' वापरून, ठेवली असेल तर असे होते, आणि तेथे 'cryptcheck' ही निराळी आज्ञा द्यावी लागते.

आमच्या अहवालात एकोणचाळीस टेपांपुढे '='. एकीपुढे '+', ती विजेच्या खेळखंडोब्यात राहून गेली होती. 'Copy' पुन्हा चालवताच गेली. आणि सत्ताविसाव्या टेपेपुढे '*'.

मामा म्हणाले, "अरे, क्लाउडवरची खराब झाली असेल, पुसून पुन्हा चढव." मनुष्याचा पहिला कल असाच असतो, डोळ्यांपुढची डिस्क खरी आणि दूरचे खोटे. पण 'check' एवढेच सांगते की दोघांचे जुळत नाही. कोण खरे बोलतो आहे, हे ते सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. तेथे तिसरा साक्षीदार लागतो.

तो आमच्याकडे होता. टेपा संगणकावर उतरवल्या त्याच आठवड्यात, काहीही चढवण्याआधी, सर्व फाइलींच्या ठशांची यादी करून ठेवली होती:

```
rclone hashsum MD5 /media/natak --output-file mul.md5
rclone checksum md5 mul.md5 gdrive:natak
```

पहिली ओळ यादी करणारी, दुसरी त्या यादीशी क्लाउड ताडून पाहणारी. दुसरीने सांगितले की क्लाउडवरच्या एक्केचाळीसही फाइली यादीप्रमाणे आहेत, सत्ताविसावीसुद्धा. म्हणजे बिघडली होती ती कपाटातली! डिस्कवरच्या त्या फाइलीचा ठसा मी लागोपाठ दोनदा काढला. दोन्ही वेळा तोच चुकीचा ठसा आला. दोन वेळा दोन उत्तरे आली असती तर तारेवर किंवा संगणकाच्या स्मृतीवर संशय घेतला असता. एकच चुकीचे उत्तर पुन्हा येते, तेव्हा बहुधा डिस्कवरचे लिखाणच बदललेले असते. चढवताना ते शाबूत होते, नंतरच्या दिवसांत गेले.

मामांच्या म्हणण्याप्रमाणे केले असते तर चांगली प्रत पुसून तिच्या जागी वाईट बसवली असती. साधे 'copy' पुन्हा चालवून हा अनर्थ होत नाही, कारण आकार आणि तारीख तीच असल्याने ते ही फाइल सोडून देते. मात्र 'copy' ला '--checksum' ही पुस्ती जोडली की ते ठसे पाहते, फरक दिसताच डिस्कवरचीच प्रत खरी मानते आणि पलीकडची बदलते. पडताळणीच्या उत्साहात ही पुस्ती जोडणारे आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले.

सत्ताविसावी टेप नव्या डिस्कवर, नव्या फोल्डरात उतरवून घेतली. त्याच जागी उतरवू गेलो असतो, तर आकार-तारीख जुळते म्हणून तीही सोडली गेली असती. ठसा यादीशी ताडला, जुळला. मग आम्ही दोघांनी शेवटची दहा मिनिटे लावून पाहिली. ठसा जुळणे म्हणजे टेप उतरवली त्या दिवशी जशी होती तशीच ती आहे, एवढेच. उतरवतानाच आवाज गेला असेल तर ठशाला त्याचे सुखदुःख नाही. आवाज होता. पडदा पडल्यावर पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणारी आजीही दिसली.

जुनी डिस्क आता निवृत्त केली आहे. एक्केचाळीस ओळींची ती यादी एका कागदावर छापून मामांच्या नाटकाच्या वहीत चिकटवली आहे, आणि तिची एक प्रत पुण्याला मावशीकडे आहे. पावसाळा सुरू होण्याआधी मी 'checksum' ची ओळ पुन्हा एकदा चालवतो. त्याला डिस्क लागत नाही, दोन-चार मिनिटांत उत्तर येते.