दिवाणजीचा दिवस

पहाटे साडेचार. या वेळी आरमोरीत नेट बरं चालतं आणि घर झोपलेलं असतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, राइस मिलमध्ये दिवाणजी आहे आणि सध्या जावास्क्रिप्ट शिकतोय. साडेसहापर्यंतच्या दोन तासांत व्हिडिओ बघत नाही. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पण कोरी फाईल उघडली की हात चालत नाही. म्हणून पहाटे फक्त कोड लिहायचा.

सध्या काटापट्टीचं पान बनवतोय. पोत्यांची वजनं टाकली की एकूण वजन यावं, एवढंच काम. आज तीन पोती टाकली: ४०, ३९, ४१. पडद्यावर आलं `0403941`.

```js
let total = 0;
for (const w of weights) total += w;
```

`typeof w` तपासलं, तर `string`. रकान्यात भरलेला आकडा ब्राउझर मजकूर म्हणून देतो आणि एका बाजूला मजकूर असला की `+` बेरीज न करता आकडे एकापुढे एक चिकटवतो. `total += Number(w)` केल्यावर `120` आलं.

साडेसहाला थांबायचं होतं, पण खरी अडचण पुढेच निघाली. रिकामा रकाना `Number` शून्य धरतो, म्हणजे एक पोतं भरायचं राहिलं तरी चूक दिसत नाही, नुसतं वजन कमी येतं. मराठी कळफलकावरून ४० टाकलं तर `NaN`. हे दोन्ही आधी तपासून मगच बेरीज करायला हवी. कोणत्या चुका होतील हे मला काट्यावर बसून आधीच माहीत होतं. दिवाणजीपणाचा हा उपयोग मला मोलाचा वाटतो.

साडेनऊ ते सहा मिल. दिवाळीनंतर धानाची आवक वाढली की रात्रीचे नऊ वाजतात आणि पहाटेचा अभ्यास निम्म्यावर येतो. वेळेचा हिशोब करताना हे महिने धरावेच लागतात.

रात्री आठ. अर्धा तास पहाटेचा बदल `git commit` करायचा आणि उद्याचं एकच काम लिहून ठेवायचं, म्हणजे पहाटेची वेळ सुरुवात शोधण्यात जात नाही.

पूर्णवेळ सहा महिन्यांचा वर्ग आठवड्याला चाळीस तासांचा धरला, तर सुमारे हजार तास होतात. माझे आठवड्याला चौदा तास जमले तरी त्याला जवळजवळ दीड वर्ष लागेल, आणि धानाचा हंगाम धरला तर दोन वर्षांच्या जवळ. त्यापुढे नोकरी शोधण्याचे महिने वेगळे. पहिली नोकरी बहुधा टेस्टिंगची किंवा हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टची मिळेल, आणि ती मी आनंदाने घेईन.

सहा महिन्यांत नोकरी, अशी जाहिरात वाचून हातची नोकरी सोडणार असाल, तर आधी आठवड्याला खरोखर किती तास बसता येतं ते महिनाभर वहीत लिहा, आणि हजाराला त्या आकड्याने भागा.