पेनड्राइव्हमधले चार जीबी कुठे गेले?

६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह विंडोजच्या संगणकाला जोडला, की पडद्यावर जागा दिसते ५९.६ जीबीच्या आसपास. दुकानदाराने फसवले, असे अनेकांना वाटते. फसवणूक नसते, एकाच नावाची दोन मापे वापरात आहेत, त्याचा हा परिणाम.

पेनड्राइव्ह बनवणारा दशमान माप वापरतो. त्याच्या हिशेबात हजार बाइट म्हणजे एक किलोबाइट, दहा लाख म्हणजे एक मेगाबाइट आणि शंभर कोटी म्हणजे एक गिगाबाइट. संगणकाची रॅम मात्र द्विमान पद्धतीने रचलेली असते. पत्त्यासाठी एक तार वाढली की जागा दुप्पट होते, आणि दहा तारांवर १,०२४ जागा होतात. हजाराच्या इतकी जवळची संख्या म्हणून तिलाही ‘किलो’ म्हणायची सवय लागली. विंडोज आजही १,०२४ नेच भागते, पण अक्षरे जीबी हीच लिहिते. ६,४०० कोटी बाइटना तीनदा १,०२४ ने भागा, ५९.६ येतात.

फायलींच्या यादीचेही तसेच. एक पत्र १८,४३२ बाइटचे, एक फोटो ३६,७०,०१६ चा आणि लग्नाची चित्रफीत ५,३६,८७,०९,१२० बाइटची आहे असे धरू. आधी भाजक ठरवायचा आणि उत्तर त्या भाजकापेक्षा लहान होईपर्यंत भागत राहायचे. १,०२४ घेतला तर पत्र एकदा भागून १८ केबी, फोटो दोनदा भागून ३.५ एमबी आणि चित्रफीत तीनदा भागून नेमकी ५ जीबी होते. हजार घेतला तर हेच आकडे १८.४३, ३.६७ आणि ५.३७ होतात. दर भागाकाराला फरक वाढतो: किलोला २.४ टक्के, गिगाला ७.४ आणि टेराला जवळपास १० टक्के.

मधेच भाजक बदलला की मात्र घोटाळा होतो. जुन्या फ्लॉपीवर १.४४ एमबी लिहिलेले असे. तिच्यात १४,७४,५६० बाइट मावत, म्हणजे दशमानाने १.४७ आणि द्विमानाने १.४१. एकदा १,०२४ ने आणि एकदा हजाराने भागल्यावरच १.४४ येतात!

हा गोंधळ मिटवण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ मध्ये द्विमान मापांना किबिबाइट, मेबिबाइट, गिबिबाइट अशी वेगळी नावे दिली. लिहिताना ती KiB, MiB, GiB अशी दिसतात. अ‍ॅपलने २००९ मध्ये मॅकवर दशमान माप स्वीकारले, त्यामुळे तोच पेनड्राइव्ह तिथे जवळजवळ ६४ जीबीचा दिसतो. विंडोजनेही ही नवी नावे घ्यायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

फायली पेनड्राइव्हमध्ये मावतील का, हे पाहताना विंडोजमध्ये फायलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये कंसात दिलेले पूर्ण बाइट घ्या, आधी त्यांची बेरीज करा आणि मगच भागा.