पावतीपुस्तक नंतर, आधी भेटीची वेळ : कबड्डी स्पर्धेला प्रायोजक मिळवायचा तर पत्र कसं लिहावं?

जानेवारी आला की गावोगावी कबड्डीची मैदानं आखली जातात. स्पर्धेला आठ दिवस उरले की मंडळाची पाच-सहा पोरं पावतीपुस्तक घेऊन तालुक्याच्या बाजारपेठेत फिरतात. "शेठ, काहीतरी द्या," म्हणतात. शेठ 501 रुपयांची पावती फाडून मोकळे होतात. त्याच शेठच्या दुकानातून पहिलं बक्षीस निघू शकलं असतं, पण ते त्यांच्याकडे कुणी मागितलेलंच नसतं.

वर्गणी आणि प्रायोजकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गणी ओळखीवर, श्रद्धेवर मिळते. प्रायोजकत्व म्हणजे व्यवहार. दुकानदार पैसे देतो आणि त्या बदल्यात त्याची जाहिरात होते. त्यामुळे त्याच्याकडे जाताना आपल्याला किती खर्च आहे हे सांगून फारसं काही होत नाही. त्याला काय मिळणार, हे सांगावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावचं मंडळ 24 आणि 25 जानेवारीला 65 किलो वजनी गटाची स्पर्धा घेणार आहे. संघ 24. पहिलं बक्षीस 31 हजार रुपये आणि चषक. हे बक्षीस कुणाकडून घ्यायचं? गावात येणारे प्रेक्षक बहुतेक शेतकरी आणि शेतकऱ्यांची पोरं. म्हणजे तालुक्याच्या गावातला ट्रॅक्टर विक्रेता, ठिबकवाला, दुचाकीचं शोरूम किंवा पतसंस्था. सोन्याच्या पेढीपेक्षा ट्रॅक्टरवाल्याला या गर्दीत जास्त रस असतो, कारण त्याचं गिऱ्हाईकच तिथं बसलेलं असतं.

त्याच्याकडे जायचं ते डिसेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे सहा-सात आठवडे आधी. याला कारण आहे. मोठी रक्कम असेल तर विक्रेता बऱ्याचदा कंपनीच्या माणसाला विचारतो. कंपनीकडून जाहिरातीच्या खर्चातला वाटा मिळायचा असेल, तर मंजुरी कार्यक्रमाच्या आधी लागते. आठ दिवस आधी गेलं की तो खिशातून देण्याइतकंच देतो.

पहिल्या पत्रात पैसे मागू नयेत. फक्त भेटीची वेळ मागावी. शोरूममध्ये अचानक सहा जण घुसले की मालक गिऱ्हाईक सोडून बोलत नाही, आणि नाईलाजानं बोलला तरी लवकर वाटेला लावतो. पत्र मंडळाच्या लेटरहेडवर, एका पानात, अध्यक्षांच्या सहीनिशी द्यावं. त्याचाच स्वच्छ फोटो किंवा पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवावा. मजकूर साधारण असा :

"विषय : कबड्डी स्पर्धेच्या मुख्य प्रायोजकत्वाबाबत भेटीची वेळ मिळणेबाबत.

महोदय, आमचे मंडळ 24 व 25 जानेवारी रोजी गावच्या शाळेच्या मैदानावर 65 किलो गटाची कबड्डी स्पर्धा घेत आहे. परिसरातील 24 संघ खेळणार आहेत. गेल्या वर्षी अंतिम सामन्याला 300 खुर्च्या भरून तेवढेच लोक उभे होते. प्रेक्षक मुख्यतः आसपासच्या गावांतील शेतकरी आहेत.

स्पर्धेचे पहिले बक्षीस आपल्या शोरूमच्या नावाने द्यावे, असा आमचा प्रस्ताव आहे. दोन्ही दिवस मैदानाच्या प्रवेशाजवळ आपला ट्रॅक्टर उभा करून माहिती देण्यासाठी जागा राखून ठेवू. ट्रॅक्टर क्षेत्रातील दुसरा प्रायोजक घेणार नाही.

याबाबत सविस्तर बोलण्यासाठी येत्या मंगळवारी किंवा बुधवारी, आपल्या सोयीच्या वेळी, 15 मिनिटे मिळावीत. मंडळाचे दोघे जण येतील."

खाली नाव, पद आणि एकच मोबाईल नंबर. तीन नंबर दिले की एकाचं उत्तर दुसऱ्याला माहीत नसतं.

या पत्रात "हजारोंचा जनसमुदाय" नाही, हे लक्षात घ्यावं. व्यापारी माणूस असल्या शब्दांना फसत नाही. भरलेल्या खुर्च्या त्याला समजतात, आणि सोबत गेल्या वर्षीच्या गर्दीचे दोन फोटो जोडले तर जास्तच. स्पर्धा पहिल्यांदाच होत असेल तर तसं सांगावं आणि खेळाडूंचा हिशेब द्यावा : 24 संघ, प्रत्येकी 12 खेळाडू, म्हणजे 288 पोरं तर नक्की येणार.

दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर एक फोन करावा. रोज मेसेज टाकत बसू नये.

भेटीला दोघांनीच जावं. एक बोलणारा, एक लिहून घेणारा. रक्कम इथं सांगायची आणि ती ठाम सांगायची : "पहिलं बक्षीस 31 हजार." "तुमच्या मनाला येईल ते द्या" म्हटलं की पुन्हा पावतीपुस्तकावर गाडी येते. मालक एवढं नको म्हणाला तर दुसरी गोष्ट तयार असावी, जसं की तिसरं बक्षीस 11 हजार, नाहीतर सगळ्या संघांचे टी-शर्ट. पण रक्कम कमी झाली की बदल्यात देण्याची गोष्टही कमी करावी. 11 हजारांत प्रवेशद्वाराजवळची जागा देऊन टाकली, तर 31 हजार देणाऱ्याला द्यायला काही उरत नाही.

खरी गडबड होते ती वचनं देताना. जोशात "तुमचंच नाव सगळीकडे" म्हटलं जातं आणि स्पर्धेच्या दिवशी मुख्य फलकावर पुढाऱ्याचा फोटो मोठा, शोरूमचं नाव कोपऱ्यात. राजकीय फलकाच्या शेजारी आपलं नाव नको, असं काही व्यापाऱ्यांना वाटतं. हे भेटीतच विचारून घ्यावं. फलक किती फुटांचा, कुठं लागणार, निवेदक नाव किती वेळा घेणार, बक्षीस कुणाच्या हस्ते, हे चार मुद्दे कागदावर लिहून दोघांनी सही करावी. लोकांचे मोबाईल नंबर गोळा करून देण्याचं वचन मात्र देऊ नये. ज्याला ट्रॅक्टरची चौकशी करायची आहे तो स्वतःच्या मर्जीनं नंबर देईल.

आणखी एक गैरसमज आहे. "कंपनीकडून सीएसआर मिळतो, तोच मागू," असं काही जण म्हणतात. पण जाहिरातीच्या बदल्यात दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरता येत नाही, नियमातच तसं आहे. शिवाय तो खर्च कायद्याच्या मर्यादेत बसणाऱ्या मोठ्या कंपन्यांना लागू असतो, तालुक्याच्या विक्रेत्याला सहसा नाही. म्हणून पत्रात हा शब्द घालूच नये. तो वाचला की कागद मोठ्या ऑफिसकडे जातो आणि तिथून परत येईपर्यंत स्पर्धा होऊन गेलेली असते.

पैसे मंडळाच्या बँक खात्यावर घ्यावेत, अध्यक्षाच्या फोन-पेवर नको. व्यापाऱ्याला जाहिरात खर्च म्हणून हिशेबात दाखवायला मंडळाच्या नावाची पावती लागते. खात्यावर पैसे द्यायला तो तयार असतो आणि मंडळाचं खातंच नसतं, असं होऊ नये म्हणून खात्याचं काम नोव्हेंबरमध्येच उरकावं. वर्गणीही गोळा करायची असेल आणि मंडळ नोंदणीकृत नसेल, तर त्यासाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते का, हे तिथंच विचारून घ्यावं.

स्पर्धा संपल्यावर चार दिवसांच्या आत पुन्हा शोरूममध्ये जावं. सोबत फलकाचे, ट्रॅक्टरभोवती थांबलेल्या लोकांचे आणि बक्षीस वितरणाचे पाच-सहा फोटो, पावती आणि पैसे कुठं गेले त्याचा अर्ध्या पानाचा हिशेब. कंपनीकडून वाटा मागायला विक्रेत्याला हेच कागद लागतात. पुढच्या वर्षीचं बोलणं तिथंच काढायला हरकत नाही, पण आधी त्याला विचारावं, की ट्रॅक्टर बघायला किती जण आले होते.