जुन्या भावाची विनंती आणि तेलाचा डबा

बाजारात भाव चढला की लहान दुकानदार आपल्या ठोक व्यापाऱ्याला एक पत्र लिहितो. अलीकडे ते बहुधा व्हॉट्सॲपवर जाते, पण मजकूर जुनाच असतो: इतक्या वर्षांचे संबंध आहेत, अडचण समजून घ्या, आणखी काही महिने जुन्याच भावाने माल द्या. अशी बहुतेक पत्रे वाया जातात. त्यांत अडचण दुकानदाराची मांडलेली असते. भाव धरून ठेवायचा असतो तो व्यापाऱ्याला, आणि त्याचा हिशेब पत्रात कुठेच नसतो.

हा हिशेब खाद्यतेलाच्या उदाहरणावरून चांगला कळतो. 14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्क्यांवर नेले. अधिभार धरून एकूण भार 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्के झाला. सोयाबीनचे बाजारभाव हमीभावाच्या खाली गेले होते आणि शेतकऱ्याला आधार देणे हा त्यामागचा हेतू होता. फरसाणवाल्यांसाठी मात्र वेळ वाईट होती. गणपतींचे विसर्जन व्हायचे होते आणि लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होते. दिवाळीच्या चकली-शेवेच्या ऑर्डरी घेताना जो भाव सांगितला जातो, तो नंतर वाढवता येत नाही.

लगेचच केंद्राच्या अन्न विभागाने तेल उद्योगाच्या संघटनांना सूचना केली की, जुन्या शुल्काने आलेला साठा आहे तोवर छापील किमती वाढवू नयेत. असा साठा सुमारे 30 लाख टन असून तो 45 ते 50 दिवस पुरेल, असेही सरकारने सांगितले. ही सूचना होती, सक्ती नव्हती. तरी पत्र लिहिणाऱ्याला तिच्यातून एक पक्की गोष्ट हाती लागते, ती म्हणजे मुदत. त्या मोजणीने जुना साठा नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पुरणार होता. म्हणजे ‘दिवाळीपर्यंत जुना भाव द्या’ या मागणीला आधार होता. ‘संक्रांतीपर्यंत द्या’ हिला नव्हता.

आता व्यापाऱ्याच्या गादीवरचा हिशेब पाहू. आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत. समजा, 15 किलोचा डबा व्यापाऱ्याला 1,570 रुपयांना पडला आणि तो 1,600 ला विकत होता. शुल्कवाढीनंतर तोच डबा त्याला 1,820 ला पडू लागला आणि बाजारभाव 1,850 झाला. गोदामात जुने 500 डबे आहेत. ते जुन्या भावाने विकले तर आठ लाख रुपये हाती येतील. त्यात नवे डबे येतील 439. कागदावर नफा दिसेल, पण गोदामातले 61 डबे कमी होतील. म्हणूनच ‘तुम्हाला तर स्वस्तात पडलाय, मग वाढीव भाव कशाला?’ हा सवाल व्यापाऱ्याला पटत नाही. त्याच्या डोक्यात विकलेल्या मालाच्या खरेदीपेक्षा पुढच्या मालाची खरेदी असते.

दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. एखादा फरसाणवाला महिन्याला 40 आणि दिवाळीच्या महिन्यात 100 डबे उचलतो असे धरले, तर वर्षाचे 540 डबे होतात. डब्यामागे 30 रुपये सुटत असतील, तर या गिऱ्हाइकापासून व्यापाऱ्याला वर्षाला मिळतात सोळा हजार दोनशे. दिवाळीचे शंभर डबे जुन्या भावाने मागणे म्हणजे पंचवीस हजारांची सूट मागणे. वर्षाच्या कमाईहून ही सूट मोठी आहे. त्या बदल्यात रोखीने पैसे देण्याची तयारी दाखवली जाते, पण एक लाख साठ हजारांच्या मालावर तीन आठवड्यांची उधारी वाचली, तर महिना दीड टक्का व्याजाने सोळा-सतराशे रुपयेच वाचतात. रोखीला मान आहे, पण तेवढ्याने पंचवीस हजार भरून निघत नाहीत.

यातून मागणी कशी असावी ते ठरते. सरसकट जुना भाव मागण्याऐवजी ज्या ऑर्डरी आधीच घेतल्या आहेत, तेवढ्याच तेलाला तो मागावा. उरलेल्या मालावर वाढ निम्मी-निम्मी वाटून घ्यावी आणि साठ्याची मुदत संपली की बाजारभाव मान्य करावा. पत्राचा गाभा असा असू शकतो:

‘सप्रेम नमस्कार. शेठ, 14 तारखेच्या आधी घेतलेल्या दिवाळीच्या ऑर्डरींना आम्हाला 40 डबे लागतील. ते जुन्या भावाने, 1,600 रुपयांप्रमाणे द्यावेत. पुढचे 60 डबे 1,725 ने घेऊ. सर्व माल 25 ऑक्टोबरपर्यंत उचलू. सोबत 25,000 रुपये आगाऊ पाठवत आहोत, बाकी माल उतरताच देऊ. 1 नोव्हेंबरपासून त्या दिवसाच्या भावाने माल घेऊ. डबा 15 किलो निव्वळ वजनाचा धरला आहे. शुल्कात फेरफार झाला तरी या 100 डब्यांचा भाव हाच राहील, असे दोन ओळींत लेखी कळवावे.’

पत्रात रडगाणे नाही, हे लक्षात घ्यावे. नग, भाव, उचलण्याची तारीख, पैसे आणि शेवट, इतकेच आहे. व्यापाऱ्याला ‘हो’ म्हणायला किंवा एखादा आकडा बदलून परत पाठवायला ते सोपे जाते.

आगाऊ रकमेमागे कायद्याचेही कारण आहे. ‘बरं, दिवाळीपर्यंत भाव धरतो’ एवढे नुसते तोंडी आश्वासन भारतीय करार कायद्यानुसार सहसा बांधून ठेवत नाही. त्यासाठी समोरून काही मोबदला दिलेला नसेल, तर व्यापारी पुढच्या ऑर्डरीआधी ते मागे घेऊ शकतो. नग आणि भाव ठरवून, आगाऊ रक्कम स्वीकारून व्यवहार पक्का झाला की गोष्ट बदलते. तरीही एक फट राहते. मालविक्री कायदा, 1930 मधील कलम 64अ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर करारानंतर वाढलेले सीमाशुल्क विक्रेता किमतीत मिळवू शकतो. पत्रातली शुल्काबद्दलची ओळ ही फट बुजवण्यासाठी आहे.

वजनाची ओळही उगीच नाही. बाजारात 15 किलोचे आणि 15 लिटरचे असे दोन्ही डबे मिळतात आणि दिसायला ते सारखेच. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने 15 लिटरचा डबा साधारण 13.65 किलो भरतो. ‘तुमच्यासाठी भाव जुनाच’ म्हणून 1,600 ला लिटरचा डबा आला, तर किलोचा भाव सुमारे 107 वरून 117 वर गेलेला असतो. बिलावर आकडा जुनाच दिसतो, कढईत मात्र तेल लवकर संपते. टेम्पोतून माल उतरवून घेतानाच डब्यावरचे निव्वळ वजन वाचले आणि एखादा डबा काट्यावर ठेवला, की हे तिथल्या तिथे कळते.

मुदत लांबवण्यात आणखी एक धोका आहे आणि तो दुकानदारालाच आहे. शुल्क जसे चढते तसे उतरतेही. 30 मे 2025 ला याच कच्च्या तेलांवरील मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणले गेले आणि एकूण भार 16.5 टक्के झाला. त्याआधी एखाद्याने सहा महिन्यांचा भाव बांधून घेतला असता, तर शेजारच्या दुकानात स्वस्त तेल येताना त्याला ठरलेल्या भावाने डबे उचलावे लागले असते. कलम 64अ शुल्क घटल्यावर खरेदीदारालाही तितकी रक्कम वजा करण्याची मुभा देते. पण ‘शुल्क बदलले तरी भाव हाच’ असे त्यानेच लिहून घेतले असेल, तर ती मुभाही त्याने सोडून दिलेली असते. म्हणून पत्र दोन-तीन महिन्यांहून लांब मुदतीचे असेल, तर ती ओळ बदलावी आणि ‘शुल्क वाढल्यास भाव हाच, घटल्यास त्या प्रमाणात कमी’ अशी लिहावी. व्यापारी ती पूर्ण मान्य करील असे नाही. बहुतेक वेळा तो वाढ आणि घट दोन्हींत निम्मा वाटा सुचवतो, आणि लांब मुदतीसाठी ती तडजोड वाजवी आहे.