फ्रीजपासून फ्रीजपर्यंत

मागच्या मे महिन्यात आईची उपाशीपोटीची साखर अचानक चढायला लागली. एरवी १३०-१४० च्या आसपास असते. सोमवारी १९८ आली, बुधवारी २४० आणि शनिवारी २८० च्या वर गेली. वय अठ्ठ्याहत्तर, राहते एकटी, पण पथ्याला पक्की. आंब्याची फोडसुद्धा मोजून खाणारी बाई. डॉक्टरांनी फोनवर डोस वाढवला. सकाळी १८ आणि रात्री १२ युनिट होते, ते २२ आणि १४ केले. तरी साखर हलेना.

रविवारी मी गेलो, तेव्हा सहज तिचं पेन उजेडात धरलं. तिला ३०/७० हे मिश्र इन्सुलिन चालू आहे. ते दुधाळ असतं. ठेवून दिलं की पांढरा थर खाली बसतो आणि तळहातांमध्ये दहा वेळा गोल फिरवलं की पुन्हा एकसारखं होतं. हे होईना. काचेच्या आतल्या बाजूला बारीक पांढरे कण चिकटून राहिले होते, थंडीत तापेलीतलं खोबरेल गोठायला लागतं तसे. त्याच खोक्यातलं न उघडलेलं दुसरं कार्ट्रिज पाहिलं, तर तेही तसंच.

इन्सुलिन गोठलं होतं. ते नंतर वितळलं तरी पूर्वीसारखं होत नाही.

डॉक्टरांना कळवल्यावर ते आधी म्हणाले, "नवीन खोकं आणा, पण डोस आजपासून पुन्हा १८ आणि १२ करा." कारण उघड होतं. मेलेल्या इन्सुलिनवर वाढवलेला डोस तसाच ठेवून त्यात चांगलं इन्सुलिन गेलं असतं, तर रात्री-बेरात्री साखर एकदम खाली आली असती, आणि घरात दुसरं कोणी नाही. साखर चढण्यापेक्षा मला त्या न घडलेल्या रात्रीचीच भीती जास्त वाटली.

खोकं घरपोच आलं होतं. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण हेतू वाईट नव्हता. उलट त्यांनी काळजीच घेतली होती. बाहेर ३९ अंश ऊन, म्हणून डीप फ्रीझरमधून दगडासारखा घट्ट जेल पॅक काढला, थर्माकोलच्या डब्यात ठेवला आणि त्याला टेकवून इन्सुलिन ठेवलं. डीप फ्रीझरमधला पॅक शून्याखाली पंधरा-वीस अंशांवर असतो. त्याला खेटून औषध तासभर राहिलं की उन्हाने जे होणार नव्हतं ते बर्फाने होतं.

आपल्या डोक्यात 'गरम म्हणजे खराब, थंड म्हणजे सुरक्षित' हे पक्कं बसलेलं असतं. इन्सुलिनच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, हे खरं. पण वापरात घेतलेलं पेन २५-३० अंशांपर्यंतच्या खोलीत साधारण चार आठवडे बाहेर चालतं. आईचं एक कार्ट्रिज ३ मिलीचं, म्हणजे ३०० युनिटचं असतं. सुई तपासायला जाणारे दोन-दोन युनिट धरले तरी ते आठ-नऊ दिवसांत संपतं, त्यामुळे चालू पेन फ्रीजमध्ये ठेवायची गरजच नसते. म्हणजे अर्धा-पाऊण तास थोडी ऊब लागली तर एवढं बिघडत नाही. स्कूटरची उन्हात तापलेली डिक्की किंवा बंद गाडी ही मात्र वेगळी गोष्ट. तिथलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जातं. गोठण्याला मात्र अर्ध्या-पाऊण तासाचीही सवलत नाही. एकदा गोठलं की फेकायचं. उष्णतेने बिघडलेलं बहुधा डोळ्यांना दिसतही नाही. कारण नसताना चढलेली साखर हीच त्याची खूण.

या प्रकरणानंतर मी सदाशिव पेठेतल्या एका ओळखीच्या मेडिकलमध्ये चार सकाळी जाऊन उभा राहिलो. मालक स्वतः फार्मासिस्ट, गिऱ्हाईक बहुतेक सत्तरीपुढचं. त्यांच्याकडे जेल पॅक काउंटरवर 'घाम येईपर्यंत' ठेवतात. वीस-तीस मिनिटांनी पृष्ठभागावर थेंब दिसतात आणि पॅक कानाशी हलवला की आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. तो आवाज आला की पॅक शून्याच्या आसपास आला. लसीकरणवाले बर्फाच्या पॅकसाठी हेच करतात. मग पॅक डब्याच्या कडेला, मध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा, मग वर्तमानपत्रात गुंडाळलेलं औषध. सोबत एक छोटा डिजिटल थर्मामीटर. तो प्रवासात तापमान कमीत कमी किती उतरलं आणि जास्तीत जास्त किती चढलं, हे दोन्ही आकडे धरून ठेवतो. पोहोचतानाचं तापमान बघून काही कळत नाही, कारण मधल्या वाटेवर गोठून पुन्हा वितळलेलं औषधही दारात ५ अंश दाखवू शकतं.

दुसरी गोष्ट दारातली. मेडिकलमधला पोरगा बेल वाजवतो आणि विचारतो, "जोशी आजी ना?" आजी म्हणतात, "हो रे." झाली खात्री. खरं तर काहीच झाली नाही. एका सोसायटीत दोन जोशी असतात, ऐकू कमी येतं, आणि आपल्याकडे वयस्कर माणूस दारात आलेल्याला सहसा 'नाही' म्हणत नाही. या दुकानात पोरांना सांगून ठेवलंय की नाव आपण सांगायचं नाही, त्यांच्याकडून ऐकायचं. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगता? आणि कोणत्या डॉक्टरांचं औषध आहे?" दोन्ही उत्तरं पाकिटावरच्या चिठ्ठीशी जुळली, तरच पाकीट हातात. जुळलं नाही तर दारातूनच दुकानात फोन. आधार कार्डाचा फोटो मात्र काढत नाहीत. औषध योग्य माणसाला मिळालं की नाही, हे त्या फोटोने कळत नाही आणि आजींचा कागद एका पोराच्या मोबाइलमध्ये कायमचा राहतो.

ओटीपीचा भरवसा इथे फसतो. ऑर्डर मुलाने न्यू जर्सीहून दिलेली. कोड त्याच्या फोनवर गेला, तेव्हा तिकडे रात्रीचे दीड वाजलेले. पोरगा दारात, आजी दारात आणि कोड सातासमुद्रापार. मग वॉचमनकडे ठेवून जायची पाळी येते, आणि वॉचमनच्या केबिनला फ्रीज नसतो. इथे प्रत्येक वयस्कर गिऱ्हाइकाच्या नावापुढे घरातला फोन नंबर आणि 'दुसऱ्या कोणाला दिलं तर चालेल' असं एक नाव आधीच लिहून घेतलेलं असतं. समोरच्या वहिनी किंवा दिवसभराच्या मावशी. ते नाव आजींनी स्वतः सांगितलेलं असावं लागतं. पाकीट चिकटवून बंद असतं आणि बाहेर औषधाचं नाव नसतं. मावशींना मधुमेह कळला तर हरकत नाही, पण मनाच्या आजाराची गोळीही याच पाकिटातून जाते.

झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांना ही मोकळीक नाही. अल्प्राझोलम, झोल्पिडेम यांसारखी औषधं 'एच-वन' यादीत येतात. २०१४ च्या मार्चपासून त्यांची वेगळी वही ठेवावी लागते. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे आणि वही तीन वर्षं जपायची. करोनाच्या टाळेबंदीत, २६ मार्च २०२० ला केंद्राने घरपोच औषधांना परवानगी दिली, तेव्हाही ही यादी वगळली होती. इतर औषधांसाठीही दुकानाच्याच महसुली जिल्ह्यात पोहोचवायचं, जुनाट आजाराची चिठ्ठी लिहिल्यापासून तीस दिवसांच्या आत आणि तात्पुरत्या आजाराची सात दिवसांच्या आत आलेली असायला हवी, अशा अटी होत्या. 'आजींचं नेहमीचंच आहे' म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर पाठवत राहणाऱ्या दुकानाने त्या अटी एकदा वाचाव्यात. एवढ्या काळात डॉक्टरांनी डोस बदललेलाही असू शकतो.

दारात वस्तूचीही ओळख पटवावी लागते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलीला ४० युनिटचं असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० चं. सिरिंजही दोन प्रकारच्या. चाळीसची लाल टोपीची, शंभरची केशरी. पेन बिघडलं म्हणून कोणी १०० च्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने खुणेप्रमाणे औषध काढलं, तर अडीचपट डोस जातो. म्हणून सिरिंज आणि इन्सुलिन एकाच पाकिटात जाणार असेल, तर ते मालक स्वतः बांधतात.

आता वही. मी उभा असताना एक पाकीट परत आलं. ११.०५ ला निघालं, तेव्हा थर्मामीटर ४.६. आजी रक्त तपासायला गेलेल्या, दाराला कुलूप, नेमलेल्या वहिनी फोन उचलेनात. पोरगा वॉचमनकडे न ठेवता १२.२० ला परत. कमीत कमी ४.१, जास्तीत जास्त ७.३. मालकांनी दोन्ही आकडे बॅच नंबरासमोर लिहिले आणि खोकं फ्रीजमध्ये ठेवलं. "दोनच्या खाली गेलं असतं तर?" मी विचारलं. त्यांनी कपाटातल्या एका डब्याकडे बोट दाखवलं. त्यावर लाल पेनने लिहिलं होतं, 'विकायचं नाही'. गिऱ्हाइकाच्या हातात एकदा गेलेलं इन्सुलिन मात्र आकडे कितीही चांगले असले तरी परत घेत नाहीत. घरात ते कुठे होतं, हे सांगणारी वही त्यांच्याकडे नसते.

आईच्या वेळी हीच वही असती तर उलगडा तासाभरात झाला असता. बिलावर बॅच नंबर होता, म्हणून एवढं तरी कळलं की त्याच बॅचची खोकी आणखी तिघांकडे गेली होती आणि त्यांच्या साखरेत काही फरक नव्हता. म्हणजे कंपनीत काही चुकलं नव्हतं, चूक वाटेवरच झाली होती. किती वाजता निघालं, डब्यात किती अंश होते, पोहोचवताना काय दिसलं, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. पोराला विचारलं तर तो म्हणाला, "काका, एकदम थंडगार दिलं होतं." खरंच बोलत होता बिचारा.

दारातून आत आल्यावर शेवटचे दहा पावलं आपली असतात, आणि तिथेही बर्फच वाट बघत असतो. आईचा फ्रीज जुना, एका दाराचा. फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये आणि मागच्या भिंतीला टेकून ठेवलेली वस्तू तिथे गोठते. कोथिंबिरीच्या जुड्या काळ्या पडायच्या, तेव्हाच कळायला हवं होतं. आता इन्सुलिन झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला असतं आणि नवीन खोकं आलं की आई पहिलं कार्ट्रिज खिडकीच्या उजेडात फिरवून बघते.

परदेशातून किंवा दुसऱ्या गावातून आई-वडिलांची औषधं मागवणाऱ्यांना एक विनंती. आज दुकानात फोन करा, तुमच्या नंबराऐवजी घरातला नंबर लिहायला सांगा आणि डब्यातला थर्मामीटर कमीत कमी किती उतरला होता, हे पुढच्या वेळी विचारा. उत्तर आलं नाही तर दुकान बदला.