लेखमाला : हिशेबाची वही
शाखेचा नफा आणि न विकलेला माल

मागच्या भागात आपण शाखा खात्याची नावे आणि जमा बाजू पाहिली. आता त्यात आकडे भरू.

समजा, गांधीनगरच्या घाऊक कापडपेठेतल्या एका व्यापाऱ्याने शेजारच्या उचगावात किरकोळ विक्रीची शाखा उघडली आहे. शाखेत स्वतंत्र खतावणी नाही. विक्री सगळी रोखीची, गल्ला रोज मुख्य कार्यालयाच्या बँक खात्यात जमा होतो, आणि भाडे-पगार मालक परस्पर देतो. माल खरेदी किमतीवर २५ टक्के चढवून पाठवला जातो. त्याच किमतीला तो विकायचा. याला बीजक किंमत म्हणतात. ८० रुपयांचे कापड शाखेला १०० रुपयांचे म्हणूनच माहीत असते.

यामागचा हेतू नफा लपवण्याचा, असे पुस्तके सांगतात. मला तो दुय्यम वाटतो. खरा उपयोग पहारा ठेवण्याचा आहे. वर्षारंभी शाखेत १,००,००० रुपयांचा माल होता, वर्षभरात ५,००,००० चा गेला आणि विक्री ४,६०,००० झाली. सगळे बीजक किमतीने. म्हणजे शिल्लक १,४०,००० ची हवी. मोजणीत भरली १,३०,००० ची. दहा हजारांचा फरक मालकाला गांधीनगरात बसून दिसला. आता शोध घ्यायचा : माल वाटेत आहे का, परत पाठवलेला गठ्ठा नोंदवायचा राहिला का, गिऱ्हाइकाला सूट दिली का? तिन्हींचे उत्तर 'नाही' आले, तर संशय चोरीवर किंवा बिल न फाडता झालेल्या विक्रीवर जातो.

आता नफा. शाखा खात्याच्या नावे बाजूला आरंभीचा साठा १,००,०००, पाठवलेला माल ५,००,००० आणि खर्च ४५,०००. जमा बाजूला भरणा ४,६०,००० आणि अखेरचा साठा १,३०,०००. पण साठा आणि माल यांत चढवलेली रक्कम मिसळलेली आहे, ती काढायला हवी. बीजक किमतीत ती पाचवा हिस्सा असते. इथे पंचवीस टक्के धरणारे बरेच जण चुकतात. म्हणून आरंभीच्या साठ्याचे २०,००० आणि पाठवलेल्या मालाचे १,००,००० जमेला, तर अखेरच्या साठ्याचे २६,००० नावे. नावे बाजू ६,७१,०००, जमा बाजू ७,१०,०००. नफा ३९,०००. हरवलेल्या मालाची ८,००० ची मूळ किंमत यात आधीच सोसली गेली आहे.

ही २६,००० ची नोंद विसरली, तर नफा ६५,००० दिसतो. फळीवर पडून असलेल्या, अजून न विकलेल्या कापडाचा नफा मालक आधीच खिशात घालतो. व्यवस्थापकाला नफ्यावर कमिशन असेल तर तेही फुगते.

एक जाता जाता. बेळगावजवळही एक उचगाव आहे. शाखा तिथे असती तर कर्नाटकात वेगळी जीएसटी नोंदणी लागली असती, आणि स्वतःच्याच शाखेला पाठवलेल्या मालावरही कर लागला असता. करवीरच्या उचगावात एकाच नोंदणीखाली माल चलनावर जातो.

पुढच्या भागात उधारी विक्री असलेली शाखा घेऊ. तोवर वरचे खाते कागदावर मांडून पाहा. ३९,००० आले नाहीत, तर आधी पाचवा हिस्सा तपासा.