सामायिक माहितीसंचात गुपचूप बदल झाला का? चेकसम आणि आवृत्ती-नोंदीची कार्यपद्धती

समन्वित संशोधन प्रकल्पात एकच माहितीसंच अनेक केंद्रांच्या संगणकांवर असतो. क्षेत्रातील नोंदी एका केंद्रावर एकत्र होतात, तेथून फाइल सर्वांना दिली जाते आणि पुढील दोन-तीन वर्षे तिच्यावर विश्लेषणे होत राहतात. या काळात फाइलचे नाव तेच राहते. आतील मजकूर मात्र तोच राहिला आहे का, हे नावावरून कळत नाही. फाइलची तारीख आणि आकारमान यांवरूनही त्याची खात्री देता येत नाही. ती खात्री देणारे साधन म्हणजे चेकसम, आणि बदल झालाच तर तो उघडपणे नोंदवण्याची रीत म्हणजे आवृत्ती-नोंद. ही दोन्ही साधने एकत्र कशी चालतात, हे गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांच्या एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

एका अंकाचे प्रकरण

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी प्रति सापळा प्रति रात्र ८ पतंग सलग ३ रात्री आढळणे, ही आर्थिक नुकसानीची संकेत पातळी मानली जाते. समजा, पाच केंद्रांच्या नोंदींची एक फाइल तयार झाली. तिच्या प्रत्येक ओळीत केंद्र, प्रक्षेत्र, तारीख आणि त्या रात्रीची प्रति सापळा सरासरी आहे. केंद्र क्र. २ च्या प्रक्षेत्र क्र. ७ मध्ये ११ ते १५ ऑगस्टच्या नोंदी अनुक्रमे ८, ७, ९, ८ आणि १० अशा आहेत. १२ तारखेला आकडा ७ असल्याने सलग तीन रात्रींची अट १३, १४ आणि १५ या तारखांनी पूर्ण होते. म्हणून अहवालात इशाऱ्याची तारीख १५ ऑगस्ट अशी नोंदली गेली.

काही महिन्यांनी केंद्र क्र. २ मधील सहायकाला क्षेत्रवहीत १२ तारखेचा आकडा ७ नसून ९ असल्याचे आढळले. त्याने सामायिक फोल्डरमधील फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली, ७ च्या जागी ९ लिहिले आणि फाइल त्याच नावाने जतन केली. दुरुस्ती योग्य होती आणि हेतूही चांगला होता. मात्र पुढच्या वर्षी दुसऱ्या केंद्राने तीच फाइल घेऊन गणित केले, तेव्हा इशाऱ्याची तारीख १३ ऑगस्ट आली. अहवाल १५ म्हणतो, फाइल १३ म्हणते. आज्ञावलीत चूक आहे, अहवालात आहे की फाइलमध्ये, हे ठरवण्यास काहीच आधार उरला नाही. ओळींची संख्या तीच होती, आणि एका अंकाच्या जागी एकच अंक आल्याने आकारमानही बाइटपर्यंत तंतोतंत तेच होते.

चेकसम काय सांगतो

चेकसम म्हणजे फाइलमधील प्रत्येक बाइट गणितात घेऊन काढलेली ठरावीक लांबीची खूण. सध्या यासाठी एसएचए-२५६ ही पद्धत सर्रास वापरली जाते. फाइल दहा ओळींची असो वा दहा लाख ओळींची, या पद्धतीची खूण नेहमी ६४ अक्षर-अंकांचीच येते. मजकुरात एक अंक बदलला तरी खूण थोडीशी न बदलता पूर्णपणे वेगळी होते. त्यामुळे दोन खुणा जुळतात की नाही, हे पाहण्यास सुरुवातीची काही अक्षरेही बहुधा पुरतात. औपचारिक पडताळणीत मात्र सर्व ६४ जुळवावीत.

लिनक्सवर पहिली आज्ञा खूण काढून नोंदवते व दुसरी पुढे केव्हाही पडताळणी करते. विंडोजवर तिसरी आज्ञा खूण दाखवते.

```
sha256sum kamgandh_2023_v1.0.csv > SHA256SUMS
sha256sum -c SHA256SUMS
certutil -hashfile kamgandh_2023_v1.0.csv SHA256
```

फाइल अबाधित असेल तर दुसऱ्या आज्ञेचे उत्तर `OK` येते, अन्यथा `FAILED`. वरील प्रकरणात दुसऱ्या केंद्राने विश्लेषणापूर्वी ही एक ओळ चालवली असती, तर `FAILED` पाहून ते तेथेच थांबले असते. एक खूण ओळखीची करून ठेवावी: `e3b0c442` ने सुरू होणारी खूण रिकाम्या फाइलची असते. ती दिसल्यास फाइल उतरवून घेताना काहीच हाती आलेले नाही, असे समजावे.

एमडी५ ही जुनी पद्धत अद्याप अनेक ठिकाणी दिसते. प्रत करताना किंवा पाठवताना अपघाताने झालेला बिघाड ती ओळखते. परंतु एकच एमडी५ खूण असलेल्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम तयार करता येतात, हे २००४ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे जेथे हेतुपुरस्सर बदलाची शंका घेतली जाऊ शकते, तेथे एसएचए-२५६ वापरावी.

चेकसमनंतर आवृत्ती का लागते

बदल झाला एवढेच चेकसम सांगतो. तो कोठे झाला, कोणी केला, योग्य होता की अयोग्य, यांपैकी काहीही त्या ६४ अक्षरांतून उलगडत नाही. त्यासाठी मूळ प्रत हाती असावी लागते. म्हणून प्रसृत केलेली प्रत्येक आवृत्ती केवळ वाचता येईल अशा फोल्डरमध्ये कायम ठेवावी आणि तिच्यावर पुन्हा काहीही लिहू नये. मूळ प्रत असेल तर दोन फाइलींची तुलना करणारी `diff` ही आज्ञा वरील बदल असा दाखवते:

```
212c212
< K2,P07,2023-08-12,7
---
> K2,P07,2023-08-12,9
```

म्हणजे २१२ व्या ओळीत ७ चे ९ झाले आहे. विंडोजवर हेच काम `fc` ही आज्ञा करते.

सहायकाला सापडलेली दुरुस्ती नाकारायची नाही. तिचा मार्ग बदलायचा आहे. १.० ही आवृत्ती जशी आहे तशीच राहते. दुरुस्त फाइल १.१ या क्रमांकाने नव्या नावाने येते, तिची स्वतंत्र खूण काढली जाते आणि सोबतच्या बदल-नोंदीत एक परिच्छेद लिहिला जातो: कोणती ओळ, जुने मूल्य, नवे मूल्य, आधार म्हणून क्षेत्रवहीचे पान, दुरुस्ती सुचवणारा व मान्य करणारा, आणि तारीख. आकड्यांच्या दुरुस्तीसाठी दशांशानंतरचा अंक वाढवावा; स्तंभ वाढले, एकके बदलली किंवा नवा हंगाम जोडला तर पहिला अंक वाढवून २.० करावे. अहवालातही केवळ फाइलचे नाव न देता आवृत्ती आणि खूण द्यावी. मग १५ ऑगस्ट ही तारीख १.० वर आधारित होती आणि १३ ऑगस्ट ही १.१ वर, एवढ्या एका वाक्यात वाद मिटतो.

कोणी न बदलताही होणारे बदल

फाइलमधील सर्वच बदल माणसाच्या हेतूने होत नाहीत. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन केली, की `007` हा सापळा क्रमांक `7` होऊ शकतो आणि `1-2` असा प्रक्षेत्र संकेत तारीख बनतो. अमेरिकी मांडणीच्या संगणकावर `04/08/2023` म्हणजे ४ ऑगस्ट ऐवजी ८ एप्रिल समजले जाते, तर `13/08/2023` ही तारीख न समजल्याने मजकूर म्हणूनच राहते. एकाच स्तंभात महिन्याच्या पहिल्या बारा तारखा विस्कटलेल्या आणि उरलेल्या शाबूत दिसल्या, तर कारण बहुधा हेच असते. जनुकशास्त्रात हा दोष इतका पसरला होता, की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या सुमारे एक पंचमांश शोधनिबंधांत तो असल्याचे २०१६ च्या एका अभ्यासात आढळले. पुढे मानवी जनुकांच्या नामकरण समितीने तारखांशी साम्य असलेली `SEPT1` सारखी नावेच बदलली. ते आता `SEPTIN1` आहे.

याउलट, आकडे तेच असूनही खूण बदलते असेही होते. विंडोज आणि लिनक्स ओळीचा शेवट वेगवेगळ्या बाइटांनी दर्शवतात. `hello` या पाच अक्षरांची खूण `2cf24dba` ने सुरू होते. त्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक ओळ-शेवट आला की ती `5891b5b5` ने सुरू होते. म्हणून `FAILED` दिसताच कोणावर संशय घेण्यापूर्वी `diff --strip-trailing-cr` चालवून पाहावे. काहीच फरक न दिसल्यास केवळ ओळ-शेवट बदलले आहेत. गिट ही आवृत्ती-व्यवस्था वापरणाऱ्या केंद्रांत विंडोजवर असे रूपांतर आपोआप होऊ शकते. `.gitattributes` या फाइलीत `*.csv -text` ही ओळ लिहिल्यास ते थांबते. एक्सेलची `xlsx` फाइल तर काहीही न बदलता नुसती पुन्हा जतन केली तरी नवी खूण देऊ शकते, कारण जतन केल्याची वेळ तिच्या आत साठवली जाते. कायमस्वरूपी आवृत्ती सीएसव्हीत ठेवण्याचे हे मुख्य कारण आहे.

खूण कोठे ठेवावी

खूण त्याच सामायिक फोल्डरमध्ये ठेवली तर तिचा उपयोग निम्माच होतो. ज्याला फाइल बदलता येते, त्याला नवी खूण काढून `SHA256SUMS` मध्येही लिहिता येते, आणि मग पडताळणी निमूटपणे `OK` म्हणते. खूण फाइलपासून वेगळ्या आणि नंतर बदलता न येणाऱ्या ठिकाणी असावी: सर्व केंद्रांना पाठवलेल्या ई-मेलमध्ये, बैठकीच्या इतिवृत्तात किंवा छापील वार्षिक अहवालाच्या परिशिष्टात. झेनोडोसारख्या सार्वजनिक भांडारात फाइल ठेवल्यास प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र डीओआय क्रमांक मिळतो आणि फाइलचा चेकसमही तेथेच दिसतो. पाच केंद्रांच्या पाच मेलपेट्यांतील आणि भांडारातील नोंद एकाच वेळी कोणालाही गुपचूप बदलता येत नाही.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवावी. खूण काढली त्या क्षणापासूनच्या बदलांचीच ती साक्ष देते. वरील प्रकरणात १२ ऑगस्टचा ९ हा आकडा संगणकात भरतानाच ७ लिहिला गेला होता, १.० ची खूण त्या चुकीलाही तितक्याच निष्ठेने जपते. म्हणून खूण काढण्याआधी क्षेत्रवही आणि फाइल यांची दोन व्यक्तींनी ताळेबंदी करणे, आणि क्षेत्रवहीच्या पानांची छायाचित्रे काढून त्या चित्रफाइलींच्या खुणाही त्याच यादीत नोंदवणे, ही या कार्यपद्धतीची पहिली पायरी ठरते.